उतारे तीन, तक्ता एक

पुण्यातली एखादी गृहनिर्माण सोसायटी घ्या. देखभालीचे पैसे एका बँकेत येतात, पगार-बिले दुसरीतून जातात, आणि जुने खाते अजून एका सहकारी बँकेत आहे. महिनाअखेरीस खजिनदाराला तिन्ही खात्यांचे उतारे वहीशी ताडून पाहायचे असतात. पण पहिल्या उताऱ्यात नावे आणि जमा असे दोन वेगळे रकाने, दुसऱ्यात रकमेचा एकच रकाना आणि शेजारी `Dr` किंवा `Cr`, तर तिसऱ्यात सर्वांत नवा व्यवहार सगळ्यात वर.

म्हणून ताळमेळाआधी तिन्ही उतारे एकाच तक्त्यात आणावे लागतात: खाते, तारीख, रक्कम, संदर्भ क्रमांक, तपशील आणि शिल्लक. रक्कम एकाच रकान्यात, आलेली अधिक आणि गेलेली उणे. नावे-जमा शब्द इथे टाळलेलेच बरे, कारण बँकेने नावे टाकलेली रक्कम सोसायटीच्या वहीत बँक खात्याला जमा असते.

वाचन बरोबर झाले की नाही, हे उताराच सांगतो. मागची शिल्लक १,२०,००० रुपये आणि सदस्याचे ४,५०० आले, तर पुढची शिल्लक १,२४,५०० हवी. प्रोग्रामने `Cr` चुकून उणे धरले, तर हिशेब १,१५,५०० येतो आणि चूक त्याच ओळीवर सापडते. एखादी ओळ गळली किंवा तळाची बेरीज व्यवहार म्हणून शिरली, तरी साखळी तुटते. नवा व्यवहार वर असलेला उतारा मात्र आधी उलटा करून घ्यावा लागतो.

तारखेची चूक या कसोटीतून निसटते. `03/04/2025` म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, पण संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर एक्सेल ती ४ मार्च समजतो. `25/04/2025` मात्र त्याला तारीखच वाटत नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. त्यामुळे बारा तारखेपर्यंतचे व्यवहार भलत्याच महिन्यांत विखुरतात आणि पुढचे साधा मजकूर म्हणून डावीकडे चिकटतात. एप्रिलच्या उताऱ्यात मार्च किंवा ऑगस्ट दिसला, की ओळखावे. प्रत्येक बँकेच्या तारखेची पद्धत प्रोग्रामला आधीच लिहून द्यावी, अंदाज करायला लावू नये.

संदर्भ क्रमांकाचे नुकसान तर भरूनच येत नाही. यूपीआयचा क्रमांक बारा अंकी असतो. CSV फाइल एक्सेलमध्ये सरळ उघडली, की तो `5.09E+11` असा दिसू लागतो, आणि तशीच जतन केली तर फाइलमध्येही तेवढेच उरते. मग ४,५०० रुपये भरणाऱ्या दहा सदस्यांपैकी हे पैसे कोणाचे, ते कसे ठरवणार? खजिनदारांनी बँकेतून उतरवलेली मूळ फाइल न उघडता बाजूला ठेवावी, काम तिच्या प्रतीवर करावे आणि हा रकाना मजकूर म्हणूनच आयात करावा.