विश्लेषण : ‘पिशवी काढा’ असा सल्ला मिळाल्यावर दुसऱ्या डॉक्टरांना पत्र कसे लिहावे?

पासलीहून पुण्यातल्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे यायचे तर वेल्हे, नसरापूर असे करत अख्खा दिवस जातो. घरातल्या दोघांचा रोज बुडतो. एवढे करून डॉक्टरांसमोर पिशवीभर कागद ओतले तर मिळालेल्या दहा-पंधरा मिनिटांतली निम्मी त्यातल्या तारखा शोधण्यातच जातात. म्हणून भेटीआधी पाठवलेले एक पानी पत्र उपयोगी पडते. समजावून सांगण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पासलीच्या ४७ वर्षांच्या शेतकरी बाईंना अंगावरून फार जाते. एका रुग्णालयाने गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला आहे. पुण्यात नोकरी करणारी मुलगी स्त्रीरोगतज्ज्ञांना दुसरे मत मागते आहे.

पत्रात काय लिहिले?

‘आदरणीय डॉक्टर, स. न.

माझ्या आईला गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. ती करावी का आणि त्याआधी आणखी काही तपासायला हवे का, यावर आपले मत हवे आहे. आईचे वय ४७. दोन बाळंतपणे, दोन्ही साधी. नसबंदी झालेली आहे. मधुमेह, रक्तदाब नाही. रक्त पातळ करणारी गोळी सुरू नाही. पाळी अजून दर २६ दिवसांच्या आसपास येते.

पूर्वी पाळी चार दिवस असायची. गेल्या डिसेंबरपासून आठ-नऊ दिवस जाते. पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावे लागते, गाठी पडतात. मधल्या दिवसांत रक्त जात नाही. जानेवारीत गावात मिळालेला एक काढा पंधरा दिवस घेतला, नंतर बंद केला.

१२ मार्च : हिमोग्लोबिन ७.८. लोहाच्या गोळ्या सुरू. मे महिन्यात पोट बिघडले म्हणून तीन आठवडे घेतल्या नाहीत.

२० मार्च : सोनोग्राफी, पाळीचा २२वा दिवस. गर्भाशयाच्या मागच्या भिंतीत ४.२ सेंमीची गाठ. आतले अस्तर १४ मिमी.

एप्रिल ते जून : रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, पाळीचे पहिले तीन दिवस. थोडा फरक पडला. हार्मोनचे औषध दिलेले नाही.

७ ऑगस्ट : दुसरी सोनोग्राफी, दुसरे केंद्र, पाळीचा सहावा दिवस. गाठ ४.५ सेंमी. अस्तर ६ मिमी.

११ ऑगस्ट : हिमोग्लोबिन ९.६.

१४ ऑगस्ट : शस्त्रक्रियेचा सल्ला. कागदावर ‘टीएएच विथ बीएसओ’ लिहिले आहे.

अस्तराचा तुकडा तपासणे, गर्भाशयमुखाची तपासणी आणि थायरॉइड यांचे कागद आमच्याकडे नाहीत. झाल्या असतील तर आम्हाला माहीत नाही.

आमचे प्रश्न : शस्त्रक्रियेआधी अस्तराची तपासणी व्हायला हवी का? औषधाने किंवा हार्मोनच्या तांबीने काही महिने पाहता येईल का? शस्त्रक्रिया करायचीच तर दोन्ही अंडाशये काढणे गरजेचे आहे का? भात काढणी होईपर्यंत थांबले तर धोका आहे का?’

तारखा मांडल्याने काय दिसले?

दोन सोनोग्राफी शेजारी ठेवल्या की घरचे घाबरतात, कारण गाठ ‘वाढलेली’ दिसते. पण दोन केंद्रे, दोन यंत्रे, मोजणारे दोन वेगळे डॉक्टर असताना तीन मिलिमीटरचा फरक मोजण्यातलाही असू शकतो. अस्तराचे उलट आहे. ते १४ वरून ६ वर आले म्हणजे आजार बरा झाला, असे नाही. पाळी येणाऱ्या बाईचे अस्तर महिन्याच्या उत्तरार्धात जाड असते आणि पाळीत गळून पातळ होते. मुलीने पाळीचा दिवस लिहिला नसता तर या दोन आकड्यांना काहीच अर्थ नव्हता. अहवालात हा दिवस अनेकदा नसतो. तो घरच्यांनीच लिहून ठेवावा लागतो.

हिमोग्लोबिनचेही तसेच. लोहाच्या गोळ्या नियमित घेतल्या तर ते महिन्याभरात साधारण एक-दोन ग्रॅमने वाढते. इथे पाच महिन्यांत १.८ वाढले. गोळ्या चुकल्याचे पत्रात नसते तर डॉक्टरांनी सगळा दोष रक्तस्रावाला दिला असता. आता दोन्ही कारणांचा विचार होईल. काढ्याचा उल्लेखही म्हणूनच राहू द्यावा. लाजून लपवलेले औषध डॉक्टरांना चुकीच्या वाटेला नेऊ शकते.

मात्र सर्वांत मोलाची ओळ ‘कागद आमच्याकडे नाहीत’ ही आहे. वयाच्या पंचेचाळिशीनंतर असा रक्तस्राव सुरू झाला तर अस्तराचा लहानसा तुकडा घेऊन तपासणे ही नेहमीची पायरी आहे, कारण तिथे कर्करोग किंवा त्याआधीचा बदल नाही याची खात्री करायची असते. तसे काही निघाले तर शस्त्रक्रियेचा बेतच बदलतो. काही निघाले नाही तर औषधाचा किंवा तांबीचा पर्याय मोकळा राहतो. सोनोग्राफीत दिसलेली गाठच रक्तस्रावाचे कारण आहे, हे गृहीत धरता येत नाही.

‘बीएसओ’ म्हणजे काय?

घरात सगळे ‘पिशवी काढायची’ एवढेच म्हणत होते. कागदावर मात्र पोट उघडून गर्भाशय, शिवाय दोन्ही बाजूंची अंडाशये आणि नलिका काढायचे लिहिले आहे. पाळी सुरू असलेल्या बाईची अंडाशये काढली की रजोनिवृत्ती एका दिवसात येते. अंगाची आग होते, झोप उडते, हाडे लवकर ठिसूळ होतात. कधी कधी ती काढण्याला ठोस कारण असते. ते कारण विचारायलाच हवे. म्हणून सल्ल्याच्या कागदावरचे शब्द पत्रात जसेच्या तसे उतरवावेत, आपल्या भाषेत सोपे करून नव्हे.

राज्यात हा विषय नवा नाही. बीडच्या ऊसतोड मजूर महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये विधिमंडळात गदारोळ झाला होता. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना सांगितले. तरीही पहिल्या डॉक्टरांवरची तक्रार या पत्रात नको. दुसऱ्या डॉक्टरांना न्यायनिवाडा करायचा नसतो. तक्रार वाचली की ते सावध होतात आणि मोघम लिहितात.

कागद कसे पाठवायचे?

अहवाल सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो काढावेत आणि तारखेच्या क्रमाने एकच पीडीएफ करावी. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर तो दाबला जातो, बारीक आकडे पुसट होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ रूपात जातो. सोनोग्राफीच्या चकचकीत कागदावरची चित्रे उन्हाने आणि काळाने फिकी पडतात, त्यांचा फोटो आधी काढून ठेवावा. तुकडा आधीच तपासला असेल तर नुसता अहवाल पुरत नाही. प्रयोगशाळेतून काचपट्टी आणि मेणाचा ठोकळा मागून घ्यावा, म्हणजे दुसऱ्या प्रयोगशाळेला तोच तुकडा पाहता येतो.

रुग्णालयातले कागद मागणे हा हक्क आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यायचे असतात. मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

पत्रावर तपासणीशिवाय अंतिम मत मिळेल, ही अपेक्षा नको. बहुतेकदा उत्तर येते ते ‘अमुक तपासणी करून या’ असे, आणि पासलीकरांची एक फेरी वाचते ती त्यातच. पण तासाला एक पॅड भिजू लागले, चक्कर आली, धाप लागली तर पत्राची वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठावे.

कागद मागायला किंवा मत विचारायला मुलगी जाणार असेल तर आईची लेखी संमती सोबत हवी. नमुन्यातल्या पत्राखाली म्हणून दोन ओळी आहेत : ‘माझी माहिती माझ्या मुलीला द्यावी. हे पत्र मला वाचून दाखवले आहे.’ त्याखाली आईची सही.