वर्षातून एखाद-दोनदा चक्कर येते, मग ती ईसीजीत सापडणार कशी? समजून घेऊ लूप रेकॉर्डर

माझी आत्या साताऱ्यात एकटी राहते. वय ६१, बीपी नाही, शुगर नाही, रोज सकाळी फिरायला जाते. तरीही चौदा महिन्यांत ती दोनदा बेशुद्ध पडली. एकदा मंडईत, एकदा घरात. दोन्ही वेळा अर्ध्या मिनिटात आपोआप शुद्धीवर आली. दवाखान्यात पोचेपर्यंत ईसीजी एकदम नॉर्मल. २४ तासांचं होल्टर लावलं, तेही नॉर्मल. लोक म्हणायला लागले, "उपासतापास कमी करा."

पण यात मशीनची चूक नव्हती. साधा ईसीजी जेमतेम १० सेकंदांचा असतो आणि होल्टर एक-दोन दिवसांचं. आत्याला चक्कर येत होती कित्येक महिन्यांतून एकदा. चोर वर्षातून दोनदा येणार आणि आपण एक रात्र पहारा देणार, तर तो सापडणार कसा?

तुम्ही म्हणाल, स्मार्टवॉचमध्ये ईसीजी असतो की! असतो, पण तो ३० सेकंदांचा आणि तेवढा वेळ दुसऱ्या हाताचं बोट घड्याळावर ठेवावं लागतं. बेशुद्ध माणूस ते कसं करणार?

डॅशकॅमसारखी युक्ती

गाडीतला डॅशकॅम सतत शूट करत असतो आणि जुनं पुसत नवीन लिहीत असतो. धडक बसली की तेवढीच क्लिप लॉक होते. लूप रेकॉर्डरही हेच करतो, फक्त व्हिडिओऐवजी ईसीजी घेतो.

डॉक्टरांनी आधी आत्याला बाहेरून लावायचा इव्हेंट रेकॉर्डर दिला. छातीवर चिकटपट्टी, चार आठवडे. त्वचेला खाज सुटली, पण चक्कर काही आली नाही. मग त्यांनी त्वचेखाली बसवायचा रेकॉर्डर सुचवला.

हा रेकॉर्डर साधारण ४५ मिलिमीटर लांब, ७ रुंद आणि ४ जाड, म्हणजे पेनड्राइव्हपेक्षाही बारीक. छातीच्या मधल्या हाडाच्या डावीकडे, तेवढीच जागा बधिर करून, एक सेंटिमीटरपेक्षा छोटा छेद देतात आणि आत सरकवतात. काही मिनिटांचं काम. हृदयात वायर जात नाही. तो शॉक देत नाही की ठोके चालवत नाही, फक्त नोंद करतो. आत्याच्या रेकॉर्डरची बॅटरी सुमारे तीन वर्षांची होती.

क्लिप लॉक कशी होते?

दोन प्रकारे. पहिला, आपोआप. ठोक्यांमध्ये ठरवलेल्या वेळेपेक्षा (आत्याच्या बाबतीत ३ सेकंद) जास्त खंड पडला, किंवा गती फारच कमी-जास्त झाली, तर रेकॉर्डर तो तुकडा स्वतः जपून ठेवतो.

दुसरा, बटण दाबून. फोनमधल्या अ‍ॅपवर किंवा सोबतच्या छोट्या रिमोटवर दाबलं की आधीचा तुकडा सेव्ह होतो. आत्याच्या रेकॉर्डरमध्ये दाबण्याआधीची साडेसहा मिनिटं आणि नंतरचं एक मिनिट मिळत होतं. म्हणजे शुद्धीवर आल्यावर लगेच दाबलं तरी पडण्याचा क्षण हाती लागतो. पण पाणी पिऊन, चहा घेऊन, शेजाऱ्यांना सगळं सांगून मग दाबलं, तर तो क्षण पुसला गेलेला असतो.

पहिला अलर्ट खोटा निघाला

तिसऱ्या महिन्यात फोन आला, "रात्री दोन वाजता ४ सेकंदांचा खंड नोंदलाय." मी घाबरून आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "अरे, मी तर गाढ झोपले होते."

डॉक्टरांनी पट्टी दाखवली. तथाकथित खंडाच्या जागी ठोके होतेच, नेमके आपल्या वेळेवर, फक्त त्यांची टोकं बुटकी झाली होती. कुशीवर वळल्यामुळे सिग्नल कमी झाला आणि मशीनला ते ठोके मोजताच आले नाहीत. म्हणून मशीनने "खंड" म्हटलं की निर्णय होत नाही. पट्टी माणसाने बघावीच लागते.

खरा क्षण

सातव्या महिन्यात, सकाळी ६:४० ला, आत्या ओट्यापाशी कोसळली. कपाळाला तीन टाके पडले. धावपळीत बटण दाबायचं कुणालाच सुचलं नाही. त्यात माझा एक पराक्रम: तिच्या फोनची बॅटरी टिकावी म्हणून मीच बॅटरी सेव्हर चालू करून दिला होता. बॅकग्राउंडमधलं अ‍ॅप बंद पडलेलं आणि नऊ दिवस काहीच पाठवलं गेलेलं नव्हतं. नशीब, क्लिप फोनमध्ये नाही तर रेकॉर्डरमध्ये असते. अ‍ॅप उघडून ब्लूटूथ जोडल्यावर ती निघाली. वेळ ६:४०.

ईसीजीच्या कागदावर पाच मोठे चौकोन म्हणजे एक सेकंद. पडण्याआधी दोन ठोक्यांत चार चौकोन, म्हणजे ०.८ सेकंद, मिनिटाला ७५ ठोके. अगदी नीट. मग अचानक उंच टोकं गायब! पुढचं टोक ४१ चौकोनांनंतर. ४१ भागिले ५, म्हणजे ८.२ सेकंद. तेवढा वेळ मेंदूला रक्त पोचलं नाही, म्हणून शुद्ध गेली.

खरी गंमत त्या रिकाम्या जागेत होती. तिथे दर चार चौकोनांनी एक बारीक उंचवटा दिसत होता. त्याला पी लाट म्हणतात. ती हृदयाच्या वरच्या कप्प्यांची असते, उंच टोक खालच्या कप्प्यांचं. म्हणजे वरून हुकूम वेळेवर सुटत होता, पण खाली पोचत नव्हता. हा एव्ही ब्लॉक, हृदयातल्या वायरिंगचा बिघाड. अशा छोट्या रेकॉर्डरमध्ये पी लाटा दरवेळी एवढ्या स्पष्ट दिसत नाहीत, इथे दिसल्या.

हेच जर गती ७५ वरून ६०, मग ४० अशी हळूहळू उतरत जाऊन वरचे-खालचे दोन्ही ठोके थांबले असते, तर संशय वेगळा असता. रक्त बघून किंवा फार वेळ उभं राहून अनेकांना येते त्या प्रकारच्या चकरेचा. तिथे इलाजही वेगळा.

आणि पट्टी नॉर्मल आली तर?

तेही उत्तरच आहे. बेशुद्ध असताना ठोके नीट होते, म्हणजे त्या वेळचं कारण ठोक्यांचा बिघाड नाही. मग बीपी पडणं, फिट येणं असं दुसरीकडे शोधतात. रेकॉर्डर बीपी मोजत नाही, मेंदूचंही काही सांगत नाही. आणि ठोके नीट असतील तर तो आपोआप काही सेव्ह करणार नाही. म्हणूनच बटण दाबणं महत्त्वाचं.

अजून एक गैरसमज: कुणीतरी चोवीस तास लाइव्ह बघत असतं असं अनेकांना वाटतं. तसं नाही. बहुतेकदा डेटा रात्री जातो आणि दवाखान्यात कामाच्या वेळेत पाहिला जातो. कुणी कोसळलं तर आधी १०८, मग अ‍ॅप.

आत्याला पेसमेकर बसवला आणि त्याच वेळी रेकॉर्डर काढला. आता नोंदी पेसमेकरच ठेवतो. घरात कुणाला असा रेकॉर्डर असेल तर आजच त्यांचा फोन घ्या. त्या अ‍ॅपला बॅटरी सेव्हरमधून वगळा, ब्लूटूथ चालू ठेवा आणि शेजारच्या एका माणसाला बटण कुठे आहे ते दाखवून ठेवा. आमच्याकडे हे तिसरं काम राहून गेलं होतं.