भाड्याच्या घराची विक्री आणि भाडेकरूची कायदेशीर स्थिती

प्रस्तावना

जुन्या वाड्याची किंवा चाळीची विक्री झाल्याचे वृत्त कानी येताच तेथील भाडेकरूंना आपले घर जाणार अशी भीती वाटू लागते. नवा मालक नवा करार करून मागतो, भाडे वाढवू पाहतो किंवा सरळ जागा सोडण्यास सांगतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील निवासी भाडेकरूची अशा प्रसंगी नेमकी कोणती स्थिती असते, याचा विचार केला आहे.

विक्रीचा भाडेकरारावर होणारा परिणाम

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०९ नुसार, भाडेकरार विरुद्ध नसेल तर, खरेदीदारास मूळ मालकाचे सर्व हक्क प्राप्त होतात. भाडेकरूची इच्छा असल्यास मूळ मालकाच्या जबाबदाऱ्याही त्याच्यावर येतात. म्हणजे विक्रीने भाडेकरार संपत नाही, केवळ मालक बदलतो. त्यासाठी भाडेकरूची संमती लागत नाही, तसेच नवा करार करण्याचीही आवश्यकता नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे संरक्षण ज्या भाडेकरूस आहे, त्याला ते नव्या मालकाविरुद्धही मिळते.

नव्या मालकास स्वतःच्या राहण्यासाठी जागा हवी असल्यास कलम १६ खाली तो दावा दाखल करू शकतो. तथापि त्याची गरज खरी व वाजवी असल्याचे त्याला सिद्ध करावे लागते आणि अधिक हालअपेष्टा कोणाच्या वाट्याला येतील, हे न्यायालय तपासते. केवळ खरेदीखत दाखवून जागा रिकामी करून घेता येत नाही.

भाडे कोणास द्यावे?

खरा धोका संक्रमणाच्या काही महिन्यांत असतो. समजा, पुण्यातील एका वाड्यात दोन खोल्यांचे मासिक भाडे ४०० रुपये असून ते पुढील महिन्याच्या ५ तारखेस द्यावयाचे आहे. वाड्याचे खरेदीखत १२ जून रोजी नोंदले गेले. भाडेकरूस याची कल्पना नव्हती. त्याने जूनचे भाडे ५ जुलै रोजी जुन्या मालकास देऊन पावती घेतली. २० जुलै रोजी नव्या मालकाची नोटीस आली. तीत जूनपासूनचे भाडे आणि फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांची १,६०० रुपयांची थकबाकी मागितली आहे.

येथे तीन रकमांचा स्वतंत्र विचार करावा लागतो. जूनचे भाडे हस्तांतरणाची माहिती नसताना दिले असल्याने ते पुन्हा द्यावे लागत नाही. विक्रीपूर्वीची थकबाकी मागण्याचा हक्क खरेदीदारास आपोआप मिळत नाही. खरेदीखतात तो स्पष्टपणे लिहून दिला असेल तरच तो ती मागू शकतो. जुलैपासूनचे भाडे मात्र नव्या मालकाचेच आहे. नोटीस मिळाल्यानंतरही ते जुन्या मालकास दिल्यास कायद्याचे संरक्षण उरत नाही.

नोटिशीबाबत शंका असल्यास खरेदीखताची प्रत मागावी किंवा दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक २ चा उतारा घ्यावा. परंतु ‘मालक कोण ते ठरू द्या’ असे म्हणून गप्प बसणे घातक ठरते. कलम १५ नुसार लेखी मागणीपासून ९० दिवसांत थकीत भाडे न दिल्यास निष्कासनाचा दावा दाखल होऊ शकतो. दाव्याचे समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, त्यावर दरसाल १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरल्यास भाडेकरू वाचतो. ही अखेरची संधी होय. नवा मालक भाडे घेत नसेल तर पत्रासह धनादेश टपालाने पाठवावा आणि नकाराचा पुरावा जपावा. स्वीकारलेल्या भाड्याची लेखी पावती देणे कलम ३१ नुसार मालकावर बंधनकारक आहे. अनामत रकमेची जबाबदारी कोणाची, याचा वाद पुढे टाळण्यासाठी तिचा उल्लेख पहिल्याच पत्रात करावा.

लिव्ह अँड लायसन्सची भिन्न स्थिती

वरील विवेचन भाडेकरूस लागू पडते. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणारी व्यक्ती कायद्याने भाडेकरू नसून केवळ परवानाधारक असते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५९ नुसार परवाना देणाऱ्याने मालमत्ता हस्तांतरित केल्यास खरेदीदार त्या परवान्याने बांधला जात नाही. परवाना रद्द झाल्यावर सामान हलविण्यासाठी वाजवी मुदत मिळते, एवढेच. म्हणून विक्री झाल्यास मुदत संपेपर्यंत राहू देण्याची किंवा अनामत तत्काळ परत करण्याची अट अशा व्यक्तीने करारातच घालून घेणे इष्ट ठरते.

निष्कर्ष

भाडेकरूचा हक्क विक्रीने नष्ट होत नाही; तो बहुधा विक्रीनंतरच्या थकबाकीमुळे धोक्यात येतो. विक्रीची नोटीस हाती पडल्याची तारीख लिहून ठेवणे, त्या तारखेपासूनचे भाडे योग्य व्यक्तीस देऊ करणे आणि जुन्या मालकाच्या पावत्या सांभाळणे, यांवरच न्यायालयातील त्याची बाजू अवलंबून असते.