बाळंतविड्यातली मावशीची चिठ्ठी

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात ती नाव सांगते, बायका तिच्या पाठीवर हलक्या थापा मारतात, मग घुगऱ्या वाटल्या जातात. मावशीच्या वाट्याला विधी असा येत नाही. पण पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून बाळाजवळ असते ती मावशीच. तिच्या शुभेच्छापत्रात हेच दिवस उतरायला हवेत, कारण ते इतर कुणाला लिहिता येणार नाहीत.

पत्र बारशाच्या आधी लिहिलं, तर नावाची जागा मोकळी सोडावी. नाव कानावर पडण्याआधी कागदावर आलं, तर आत्याचा मान उणावतो. समारंभानंतर त्या जागी नाव लिहून पत्र बाळंतविड्यात, झबली-टोपड्यांच्या घडीवर ठेवावं. चकचकीत कार्डावर शाई पुसली जाते, म्हणून साधा जाड कागद बरा.

समजा, मुलगी झाली आहे आणि मावशी आईची मोठी बहीण आहे. मजकूर असा होऊ शकेल:

‘चि. ......... हिला अनेक आशीर्वाद. तू आलीस त्या रात्री पाऊस थांबत नव्हता. आजी देवापाशी बसली होती आणि आजोबा दवाखान्यात येरझारा घालत होते. तुला मांडीवर घेतलं, तर तू माझं बोट घट्ट धरलंस. तुझी आईसुद्धा लहानपणी असंच माझं बोट धरून झोपायची. सोबतचं दुपटं आजीच्या जुन्या लुगड्याचं आहे, टाके मी घातलेत. उदंड आयुष्याची हो. तुझी मावशी.’

खाली तारीख आणि गाव लिहावं. मुलगी मोठी होऊन हे वाचेल, तेव्हा ते लागेल.

यात आशीर्वाद एकच आहे, बाकी सगळं घडलेलं आहे. दुकानातल्या कार्डावर ‘सोनपावलांनी आलेली परी’ छापलेलं असतं. ते कोणत्याही मुलीला चालतं, म्हणून तिच्यासाठी वेगळं असं त्यात काही उरत नाही. ‘डॉक्टर हो, नाव काढ’ हेही मला नको वाटतं. बारा दिवसांच्या जिवावर एवढं ओझं कशाला?

आणखी एक गोष्ट जपायची. हे पत्र बारशाच्या घरात हातोहात फिरतं, कुणीतरी मोठ्यानं वाचतंही. ‘अगदी आमच्यावर गेलीय’ असं लिहिलं, तर सासरच्या माणसांना ते लागतं. वरच्या मजकुरात आईची आठवण आहे, पण ती सवयीची आहे. नाकडोळे कुणाचे, याचा निवाडा त्यात नाही. मुलगा असेल तर ‘कुलदीपक’ टाळावं. तो शब्द घरातल्या थोरल्या मुलीच्याही कानावर पडणार असतो, आणि त्या दिवशी ती आधीच आईपासून जरा लांब बसलेली असते.