‘लग्न लावलं, कोयता झाला’ याला कोणता आकडा?

२०११च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत लोकांनी सांगितलेली जात प्रगणकांनी ऐकली तशी टिपली. निवडायला ठरलेली यादी नव्हती. देशभरातून ४६ लाखांहून अधिक नावं गोळा झाली. १९३१च्या जनगणनेत ती ४,१४७ होती. एकट्या महाराष्ट्रात सुमारे ४ लाख २८ हजार नावं निघाली, आणि राज्यातल्या अधिकृत याद्यांत जाती ४९४. केंद्र सरकारनेच २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हे सांगितलं. एकाच जातीची वेगवेगळी स्पेलिंगं, पोटजात, आडनाव, कूळ असं सगळं एकाच रकान्यात उतरलं होतं.

हे काम टॅब्लेटवर झालं होतं. कागदावर पेनाने लिहून आणलेल्या उत्तरांत तर अक्षर लावण्यापासून सुरुवात. समजा, बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या गावांत सर्वेक्षण झालं आणि एक प्रश्न मोकळा ठेवला होता: मुलीने शाळा का सोडली? फॉर्मवर उत्तरं अशी येतात: ‘तोडीला संगं नेलं’, ‘धाकट्याला बघाया कुणी न्हाई’, ‘शाळा लांब’, ‘लग्न लावलं, कोयता झाला’.

पहिलं काम आकडे देण्याचं नाहीच. प्रत्येक फॉर्मला क्रमांक द्यायचा आणि उत्तर जसंच्या तसं टाइप करायचं, ‘संगं’चं ‘सोबत’ न करता. न लागलेला शब्द अंदाजाने भरायचा नाही, तिथे [अवाच्य] लिहायचं. हा मूळ उत्तराचा रकाना शेवटपर्यंत राहतो. कोड चुकला तर परतायची वाट तीच. घाईच्या प्रकल्पांत नेमका हाच टप्पा गाळतात, फॉर्म बघत थेट कोड भरतात, आणि सहा महिन्यांनी शंका आली की गठ्ठे सोडत बसतात.

मग शंभरेक उत्तरं वाचून वर्ग ठरवायचे. ती एकाच गावची घेऊ नयेत, नाहीतर त्या गावाचीच कारणं सगळ्यांची होतात. इथे १ म्हणजे हंगामी स्थलांतर, २ घरकाम व भावंडं, ३ लग्न, ४ शाळेचं अंतर, ५ खर्च, ६ अभ्यासाची नावड, ९६ इतर. ‘माहीत नाही’ला ९८ आणि कोऱ्या जागेला ९९. हे दोन एकत्र करायचे नाहीत: पहिल्यात आईने उत्तर दिलंय, दुसऱ्यात बहुधा प्रश्नच विचारला गेला नाही. सरासरी काढताना ९८ आणि ९९ वगळायचे राहिले, तर मुलींच्या वयाच्या रकान्यात शंभरीला टेकलेल्या विद्यार्थिनी दिसतात.

कोडबुक म्हणजे एवढी यादी नव्हे. त्यात प्रत्येक कोडाखाली काय बसतं, काय बसत नाही आणि एखादं खरं उत्तर लिहिलेलं हवं. यातलं ‘काय बसत नाही’ सर्वात उपयोगी, कारण भांडण सीमेवरच होतं. आई-बाप तोडीला गेले आणि मुलगी गावी भावंडं सांभाळत राहिली, तर ते १ की २? नियम लिहायचा: मुलगी स्वतः गाव सोडून गेली तरच १.

आता ते चौथं उत्तर. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीला. हे ठाऊक नसलेला कोडर ‘लग्न’ पाहून ३ देईल आणि मोकळा होईल. पण इथे दोन्ही कारणं खरी आहेत. म्हणून एकाच रकान्यात एक आकडा कोंबण्याऐवजी प्रत्येक कारणाला स्वतंत्र रकाना द्यायचा, आहे तिथे १, नाही तिथे ०. या मुलीच्या ओळीत लग्नापुढे १ आणि स्थलांतरापुढेही १.

कोडबुक चालतं का, हे दोघांनी तपासायचं. तीच ५० उत्तरं दोघांनी एकमेकांचं न बघता कोड करायची. समजा ४१ जुळली. उरलेल्या ९ पैकी ७ मध्ये घोळ १ आणि २चाच असेल, तर दोष माणसांचा नाही, नियम सैल आहे. तो घट्ट करून आधीची सगळी उत्तरं पुन्हा बघावी लागतात. ती टाळली तर डेटाचा पूर्वार्ध एका नियमाने आणि उत्तरार्ध दुसऱ्याने, आणि बाहेरून कुणाला कळतही नाही. ‘इतर’ दहा टक्क्यांच्या वर गेलं, तर त्यात एखादा वर्ग दडलाय असं समजून ती उत्तरं उघडावीत.

एवढं झाल्यावर अहवालात टक्केवारीचा तक्ता येतो. तो वाचताना आधी बेरीज करून बघा. शंभरावर गेली असेल तर बहुधा ती चूक नाही. काही मुलींची दोन कारणं मोजली आहेत. बरोबर शंभर भरत असेल, तर बहुधा दोन कारणं सांगणाऱ्यांचं एक कारण गाळलं गेलंय. ते कोणत्या नियमाने गाळलं, हे कोडबुकात लिहिलेलं असायला हवं. नसेल तर अहवाल काढणाऱ्यांना विचारा.