‘नोंद घेतली’ म्हणजे ‘मंजूर केले’ नव्हे

पांडेसऱ्यातील आमच्या सोसायटीत बहुतेक कुटुंबे खानदेशातून आलेली. त्यामुळे सभेचे इतिवृत्त मराठीत लिहिले जाते. काही वर्षे ते काम माझ्याकडे होते. एका सभेत पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा ८४,००० रुपयांचा अंदाज सादर झाला. मी लिहिले, ‘अंदाजाची नोंद घेण्यात आली.’ आठवडाभरात सेक्रेटरींनी काम सुरू केले आणि खजिनदारांनी चेकवर सही करण्यास नकार दिला. दोघेही माझ्याच वाक्यावर बोट ठेवत होते.

गोंधळ ‘नोंद’ या शब्दाचा होता. आमच्याकडे नोंद म्हटले की सातबारा आठवतो. नाव लागले म्हणजे काम झाले, असे वाटते. पण तिथेही तलाठ्याने घातलेली फेरफाराची नोंद मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच पक्की होते. इतिवृत्तातील ‘नोंद घेतली’ पहिल्याच पायरीवर थांबते. माहिती सभेसमोर आली, एवढेच ते सांगते. ती सभेला पटली, असा अर्थ त्यातून निघत नाही.

‘सहमती झाली’ यात मत जुळल्याचे कळते, पण काम कोणी आणि किती पैशांत करायचे ते कळत नाही. टाकी दुरुस्त व्हावी यावर सगळे सहमत असले, तरी तेवढ्यावर चेक निघत नाही.

‘मंजूर’ हा शब्द समोर ठेवलेल्या कागदाला चिकटून असतो. ‘अंदाज मंजूर’ म्हटले की सभेने तो खर्च मान्य केला. त्यापुढचा वाढीव खर्च मान्य केला नाही, आणि काम कोणाला द्यायचे तेही सांगितले नाही.

‘ठरले’ किंवा ‘ठराव केला’ म्हटले की सभा स्वतःला बांधून घेते. म्हणून पुढच्या सभेत आम्ही असे लिहिले: ‘असे ठरले की, टाकीची दुरुस्ती सोबतच्या अंदाजानुसार ८४,००० रुपयांच्या मर्यादेत सेक्रेटरींनी करून घ्यावी व रक्कम दुरुस्ती निधीतून द्यावी.’ खाली सूचक, अनुमोदक आणि ‘सर्वानुमते संमत’. आता काम, रक्कम, निधी आणि जबाबदार माणूस, चारही गोष्टी एका वाक्यात आल्या. त्यानंतर चेक निघाला.

त्याच सभेत एक सभासद म्हणाले, ‘मागचे इतिवृत्त आपण कायम केले, म्हणजे खर्चही तेव्हाच मंजूर झाला ना?’ तसे नाही. इतिवृत्त कायम करणे म्हणजे त्या दिवशी घडले ते बरोबर लिहिले आहे, अशी साक्ष देणे. त्या दिवशी फक्त नोंद घेतली गेली असेल, तर कायम होते तीही नोंदच.

तेव्हापासून लिहिताना मी एकच कसोटी लावतो. उद्या सभेला न आलेल्या खजिनदारांच्या हाती हे वाक्य पडले, तर त्यांनी सही करायची की नाही, हे त्यांना कोणाला न विचारता कळले पाहिजे.