ओली टाइल खोटं बोलते

घरसफाईची सेवा देणाऱ्या लहान व्यवसायांचे व्हिडिओ मी शूट करतो. ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन तुकडे जोडून केलेला व्हिडिओ हीच आता त्यांची खरी जाहिरात. बघणारे मात्र हुशार झालेत. लख्ख बाथरूम दिसलं की पहिली प्रतिक्रिया येते, ‘फिल्टर मारला असेल.’ पुष्कळदा फिल्टर मारलेला नसतो. काम मन लावून केलेलं असतं, पण चित्रीकरण असं झालेलं असतं की खरं काम खोटं वाटावं. हे कसं टाळता येतं, ते एका बाथरूमच्या उदाहरणाने सांगतो.

समजा, वाघोलीतल्या एखाद्या सोसायटीतला फ्लॅट आहे. पाणी टँकरचं किंवा बोअरचं, म्हणजे जड. तीन-चार वर्षांत टाइलवर, नळावर आणि शॉवरच्या काचेवर क्षाराचा पांढुरका थर बसलाय. दोन माणसं अडीच-तीन तासांत तो काढणार आहेत. या कामाचा व्हिडिओ करताना सगळ्यांत जास्त फसवतं ते पाणी.

क्षाराचा थर पांढरा दिसतो, कारण तो खडबडीत असतो आणि त्यावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो. त्यावर पाणी पडलं की खाचाखोचा भरून निघतात, विखुरणं कमी होतं आणि खालच्या टाइलचा रंग वर येतो. दुधी काचेच्या खरबरीत बाजूवर पाणी मारलं की ती आरपार दिसू लागते, तसंच हे. म्हणजे अजिबात साफ न केलेली भिंतसुद्धा नुसता मग्गाभर पाणी मारून ‘नंतर’ म्हणून दाखवता येते. सफाई संपल्या संपल्या, भिंत निथळत असताना, उत्साहाने काढलेला शॉट म्हणूनच पुरावा ठरत नाही. तासाभराने भिंत वाळते आणि घरातल्या काकू म्हणतात, ‘अरे, हे पांढरं तसंच राहिलं की!’

तेव्हा दोन्ही शॉट कोरड्या भिंतीचेच हवेत. काम झाल्यावर वायपर फिरवायचा, सुती फडक्याने पुसायचं, दार उघडं ठेवून एक्झॉस्ट फॅन लावायचा आणि थांबायचं. उन्हाळ्यात तासाभरात भागतं, पावसाळ्यात बराच जास्त वेळ लागतो. वाळलंय की नाही, हे टाइलच्या सांध्यांवरून कळतं. सांध्यातलं सिमेंट पाणी धरून ठेवतं आणि ओलं असेपर्यंत गडद दिसतं. सांधे सगळीकडे एकसारखे फिके झाले की कॅमेरा काढायचा. शॉट घेण्याआधी काळं कोरडं फडकं भिंतीवरून ओढून पाहावं. फडक्यावर पांढरी भुकटी आली, तर चित्रीकरण थांबवून आधी काम पुरं करावं.

दुसरी फसगत प्रकाशाची. टॉर्च भिंतीला लागून बाजूने मारला, तर क्षाराचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो आणि बरी भिंतही भयाण दिसते. तीच भिंत समोरून, वरच्या दिव्यात गुळगुळीत दिसते. ‘आधी’ बाजूच्या प्रकाशात आणि ‘नंतर’ समोरच्या प्रकाशात, ही या धंद्यातली सगळ्यांत जुनी लबाडी आहे. नकळतही ती घडते. सकाळी दहाला झरोक्यातून तिरपं ऊन येत असतं, दुपारी एकला ते निघून गेलेलं असतं. म्हणून काम सुरू होण्याआधीच झरोक्यावर पुठ्ठा लावायचा आणि दोन्ही शॉट बाथरूमच्या स्वतःच्या दिव्यातच घ्यायचे. बाजूच्या प्रकाशातला शॉट हवाच असेल, तर तो दोन्ही वेळा तसाच घ्यावा. साफ केलेली भिंत त्या कठोर प्रकाशातही टिकली, तर तो शॉट व्हिडिओतला सगळ्यांत दमदार शॉट ठरतो.

तिसरी अडचण खुद्द फोनची. फोनचा कॅमेरा समोरचं दृश्य मध्यम उजेडाचं दिसावं, असा प्रयत्न स्वतःहून करत असतो. मळलेली, तपकिरी पडलेली भिंत दिसली की तो उजेड वाढवतो आणि स्वच्छ पांढरी भिंत दिसली की कमी करतो. परिणामी घाण आहे त्यापेक्षा बरी दिसते आणि स्वच्छता करडी दिसते. मग संपादन करणारा ‘नंतर’च्या तुकड्याचा ब्राइटनेस थोडा चढवतो. हेतू वाईट नसतो, पण तिथेच तुलना हातची जाते, कारण किती चढवला तर तो खऱ्याइतका, हे ठरवायला त्याच्याकडे काहीच नसतं.

यावर उपाय साधा आहे. बहुतेक फोनमध्ये स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड जागच्या जागी लॉक होतात. मात्र अडीच तासांनी ‘नंतर’चा शॉट घेताना ते लॉक नव्याने करावं लागतं आणि ते नेमकं त्याच गोष्टीवर व्हायला हवं. त्यासाठी मी भिंतीवर साधा पांढरा कागद चिकटवतो, ए-फोर आकाराचा अर्धा. दोन्ही वेळा त्याच जागी आणि लॉक करताना बोट त्या कागदावरच. कागद दोन्ही शॉटमध्ये चौकटीत राहू द्यायचा, कापून टाकायचा नाही. त्याचा पांढरेपणा दोन्हीकडे सारखा दिसला, तर भिंतीत दिसणारा फरक भिंतीचाच आहे. एकीकडे कागद पिवळट आणि दुसरीकडे निळसर दिसला, तर काहीतरी बदललंय. प्रेक्षकाच्या हाती पडताळणीचं साधन देणारा हा कागद मला कुठल्याही महागड्या कॅमेऱ्यापेक्षा मोलाचा वाटतो.

कॅमेऱ्याची जागा आखायला जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करून उपयोग नाही, कारण जमीनही धुतली जाणार असते. टाइलचे सांधे आयते असतात. उंबरठ्यापासून दुसऱ्या टाइलच्या कोपऱ्यावर ट्रायपॉडचा पाय, उंची टेपने मोजलेली, लेन्स नेहमीची. हे तिन्ही कागदावर लिहून ठेवावं. रुंद कोनाची लेन्स ‘नंतर’च्या वेळी वापरली, तर बाथरूम मोठं आणि हवेशीर दिसतं. सफाईने बाथरूम मोठं होत नाही.

बादल्या, शाम्पूच्या बाटल्या, वाळत टाकलेलं पायपुसणं, यांचा प्रश्न नेहमी येतो. ‘दादा, हे आधी आवरू का?’ असं मदतनीस विचारतो. आवरायचं असेल, तर ‘आधी’च्या शॉटच्याही आधी आवरायचं. पसारा हलवला की कुठलीही खोली निम्मी स्वच्छ दिसते आणि ते श्रेय क्षार काढणाऱ्याचं नव्हे. तेच सैल धुळीचं आणि केसांच्या गुंतवळ्यांचं. माझा आग्रह असतो की घरच्या माणसांनी रोज जसं बाथरूम धुतात तसं धुवावं, ते वाळावं आणि मग ‘आधी’चा शॉट घ्यावा. तेव्हा घाण कमी दिसते, व्यावसायिक नाराजही होतो. पण ग्राहक पैसे मोजतो ते रोजच्या धुण्याने न निघणाऱ्या थरासाठी, आणि तुलनाही त्याचीच व्हायला हवी.

आता व्हिडिओचा गाभा. इतकं सांभाळूनही दोन वेगळ्या वेळांच्या शॉटमध्ये शंकेला जागा उरते. ती जवळजवळ मिटवणारा एक शॉट असतो: अर्धी टाइल. खांद्याच्या उंचीवरची, ना सर्वांत वाईट ना सर्वांत बरी, अशी एक टाइल निवडायची. मधोमध उभी मास्किंग टेप लावायची. डाव्या अर्ध्यावर क्षार काढणारं सौम्य आम्ल, म्हणजे सायट्रिक किंवा सल्फॅमिक आम्लाचं द्रावण, स्पंजने लावायचं. फवारलं तर ते टेपपलीकडे जातं. जवळून धरलेल्या कॅमेऱ्यात इथे बारीक बुडबुडे उठताना दिसतात. तो थरातला चुना आम्लाशी अभिक्रिया करत असतो. बुडबुडे उठलेच नाहीत, तर थर बहुधा साबणाच्या चिकट राळीचा आहे आणि त्याला वेगळं द्रावण लागतं. पाच-सात मिनिटांनी घासायचं, धुवायचं, वाळवायचं आणि टेप काढायची. एकाच टाइलवर, एकाच उजेडात, एकाच क्षणी साफ आणि मळकं शेजारी शेजारी दिसतं. इथे कॅमेऱ्याने काही बिघडवलं, तर दोन्ही बाजूंचं सारखंच बिघडतं. हा शॉट न कापता आठ-दहा सेकंद ठेवावा आणि त्यावर संगीत घालू नये.

(आम्ल वापरताना ब्लीचचा हात त्याला लागता कामा नये, विषारी क्लोरीन वायू होतो. व्हिडिओ बघून लोक घरी करून पाहतात, म्हणून दोन बाटल्या शेजारी ठेवलेलं दृश्यसुद्धा टाळावं. संगमरवर आणि कडाप्प्यावरही आम्ल लावल्याचं दाखवू नये, ते दगड त्याने खराब होतात.)

जोडणी करताना मिनिटभराचा व्हिडिओ पुरतो. ‘आधी’चा लांबून शॉट पाच सेकंद, जवळून पाच; अर्धी टाइल; कामाचा वेगवान तुकडा, ज्यात भिंतीवरचं घड्याळ दिसत राहील; मग ‘नंतर’चे शॉट त्याच क्रमाने आणि तितकेच सेकंद. ‘आधी’ला दोन सेकंद आणि खिन्न सूर, ‘नंतर’ला दहा सेकंद आणि सनई, असं केलं की बघणाऱ्याच्या डोळ्यांऐवजी कान निकाल देतात.

यानंतर जो शॉट बहुतेकजण कापतात तो मी ठेवायला लावतो: जे निघालं नाही ते. शॉवरच्या काचेवर वर्षानुवर्षं क्षार बसला असेल, तर काच स्वतःच चरलेली असू शकते. थर गेला तरी धूसरपणा राहतो. नळाचा क्रोमचा मुलामा उडाला असेल, तर तिथे चकाकी परत येत नाही. ‘हे डाग क्षाराचे नाहीत, काच चरली आहे, ती सफाईने सुधारत नाही,’ एवढं वाक्य त्या शॉटवर मराठीत बोलावं. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची जी व्याख्या आहे, तिच्यात महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणंही येतं. 2022च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत द्यावा लागतो, म्हणजे मराठी दाव्याखाली बारीक इंग्रजी ओळ चालत नाही. शिवाय धंद्याचाही फायदा आहे: चरलेल्या काचेचा ग्राहक फोनवरच काचेबद्दल विचारतो, काम झाल्यावर भांडत नाही.

शेवटच्या पाटीवर किती माणसं, किती तास, पाणी कुठलं आणि खर्च किती, हे लिहावं. घरच्यांची परवानगी घेतलेली असावी आणि आरशात कोणी दिसत नाही ना, औषधांच्या बाटल्यांवरची नावं वाचता येत नाहीत ना, हे पाहावं.

जमलं तर पंधरा दिवसांनी त्याच सांध्यावर ट्रायपॉड ठेवून, तोच कागद लावून आणखी एक शॉट घ्यावा. पाणी तेच जड असतं, त्यामुळे नळाखाली फिकी पांढरी रेघ पुन्हा दिसू लागलेली असेल. ती दाखवावी आणि सांगावं की आंघोळीनंतर वायपर मारलेली भिंत ही, न मारलेली ती.